‘का’ विचारू नका, कागद मागा

मे महिन्यात डांबरीकरण झालेला रस्ता जुलैच्या पावसात उखडतो. खडी वर येते, दुचाकी घसरतात, शाळेची गाडी गावात यायला नकार देते. मग गावातला एखादा जाणता माणूस संतापून माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला बसतो. अर्ज बहुतेक वेळा असा असतो: ‘रस्ता दोन महिन्यांत का उखडला? निकृष्ट कामाला जबाबदार कोण? ठेकेदारावर अद्याप कारवाई का केली नाही? या कामात किती भ्रष्टाचार झाला? तालुक्यातील सर्व रस्त्यांवर गेल्या दहा वर्षांत झालेल्या खर्चाची संपूर्ण माहिती द्यावी.’

महिना उलटत आला की कार्यालयाचे उत्तर येते. पहिल्या चार मुद्द्यांसमोर लिहिलेले असते, ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देय नाही.’ पाचव्यासमोर, ‘मागणी मोघम व विस्तृत आहे.’ अर्जदाराला वाटते, आपल्याला टोलवले. तसे वाटणे स्वाभाविक आहे; पण या उत्तराविरुद्ध तो अपिलात गेला, तरी पहिल्या चार मुद्द्यांवर त्याच्या पदरात फारसे काही पडणार नाही. त्याचा राग रास्त आहे, विषय सार्वजनिक आहे, पैसाही जनतेचाच आहे. अडचण एवढीच की कायद्याने जे मागण्याचा हक्क दिला आहे, ते त्याने मागितलेलेच नाही.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम २ मध्ये ‘माहिती’ म्हणजे काय ते सांगितले आहे: अभिलेख, दस्तऐवज, ज्ञापने, ई-मेल, अभिप्राय, परिपत्रके, आदेश, रोजवह्या, संविदा, अहवाल, नमुने, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील आधारसामग्री. ही यादी शांतपणे वाचली की एक गोष्ट लक्षात येते. यातली प्रत्येक वस्तू कोणत्या तरी कपाटात, नस्तीत किंवा संगणकात आधीपासून आहे. अधिकाऱ्याने ती शोधून द्यायची आहे. विचार करून, कारणे जुळवून नव्याने लिहायची नाही.

न्यायालयांनीही हीच रेघ ओढली आहे. डॉ. सेल्सा पिंटो विरुद्ध गोवा राज्य माहिती आयोग या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये म्हटले की, ‘माहिती’च्या व्याख्येत ‘का’ या प्रश्नाचे उत्तर बसत नाही. कारण ‘का’ विचारणे म्हणजे एखाद्या कृतीचे समर्थन मागणे, आणि समर्थन म्हणजे माहिती नव्हे. पुढे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात हे अधिक नेमके केले. परीक्षार्थींना स्वतःच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका पाहायच्या होत्या आणि मंडळ त्या देत नव्हते. न्यायालयाने उत्तरपत्रिका द्यायला लावल्या, कारण त्या मंडळाकडे होत्या. त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितले, की अस्तित्वात नसलेली माहिती तयार करणे, विखुरलेल्या नोंदींतून नवे निष्कर्ष काढणे किंवा अर्जदाराला सल्ला देणे हे अधिकाऱ्याचे काम नाही. मात्र एखादी नोंद ठेवणे कायद्याने किंवा नियमाने बंधनकारक असेल, तर ‘आम्ही ती संकलित केलेली नाही’ एवढे म्हणून सुटका होत नाही.

म्हणून अर्ज लिहिण्याची खरी कला प्रश्नाचे कागदात रूपांतर करण्यात आहे. सरकारी काम कागदावाचून हलत नाही. ‘का’चे उत्तर कोणी तोंडी देणार नाही, पण निर्णय झाला असेल तर त्यामागचे कारण कुठल्या तरी टिपणीत, शेऱ्यात किंवा पत्रात लिहिलेले असते. तो कागद नावानिशी मागायचा.

त्यासाठी आधी ते काम कार्यालयात कसे चालते, हे थोडे माहीत हवे. रस्त्याचेच पाहू. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या रस्त्याला प्रथम प्रशासकीय मान्यता मिळते, म्हणजे हे काम करायचे आणि त्यावर इतका खर्च करायचा, असा निर्णय. मग अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळते. त्यात खडीचा थर किती जाडीचा, डांबर किती, रुंदी किती हे परिमाणांसह लिहिलेले असते. निविदा निघते, ठेकेदाराशी करारनामा होतो आणि त्याला कार्यारंभ आदेश दिला जातो. काम चालू असताना कनिष्ठ किंवा शाखा अभियंता प्रत्यक्ष मोजमापे घेऊन मोजमाप पुस्तकात लिहितो आणि वरिष्ठ अभियंता त्यांतली काही तपासून सही करतो. याच पुस्तकाला कार्यालयात सगळे ‘एमबी’ म्हणतात. एमबीतल्या नोंदीशिवाय देयक निघत नाही. देयकासोबत साहित्याच्या चाचण्यांचे अहवाल आणि डांबर खरेदीची चलने असतात. काम संपल्यावर दोषदायित्व कालावधी सुरू होतो. करारात लिहिलेल्या त्या मुदतीत रस्ता खराब झाला, तर तो स्वखर्चाने दुरुस्त करण्याची जबाबदारी ठेकेदाराची असते आणि त्यासाठी त्याची सुरक्षा अनामत विभागाकडे अडकलेली असते.

आता मघाचे चार संतप्त प्रश्न या कागदांसमोर ठेवू.

‘रस्ता का उखडला?’ याची उत्तरे अंदाजपत्रकातील थरांची जाडी, एमबीतील प्रत्यक्ष मोजमापे आणि चाचणी अहवाल यांत मिळतात. ‘जबाबदार कोण?’ याचे उत्तर ज्याने मोजमाप घेतले आणि ज्याने ते तपासले त्यांच्या सह्यांत आणि पदनामांत आहे. त्या एमबीच्याच पानांवर असतात. ‘कारवाई का केली नाही?’ या प्रश्नाचे रूपांतर असे होते: काम पूर्ण झाल्यानंतर या रस्त्याच्या नादुरुस्तीबाबत विभागाने ठेकेदाराला पाठवलेली सर्व पत्रे द्यावीत. अशी पत्रे असतील तर ती मिळतील. नसतील तर ‘असे पत्र अभिलेखावर आढळत नाही’ असे लिहून द्यावे लागेल, आणि दोषदायित्वाची मुदत चालू असताना एकही पत्र गेलेले नाही, याचा तो सहीशिक्क्याचा पुरावा ठरेल. ‘किती भ्रष्टाचार झाला?’ हा प्रश्न मात्र अर्जातून पूर्णपणे काढून टाकायचा. तो निष्कर्ष आहे; कागद हाती आल्यावर तो अर्जदाराने, पत्रकाराने किंवा चौकशी करणाऱ्याने काढायचा आहे.

महाराष्ट्रात अर्जासाठी नमुना ठरलेला आहे. महाराष्ट्र माहितीचा अधिकार नियम, २००५ मधील जोडपत्र ‘अ’ अर्जदाराला नेमकेपणाकडेच नेते. नाव आणि पत्त्यानंतर त्यात माहितीचा विषय, माहिती ज्या कालावधीशी संबंधित आहे तो कालावधी आणि हव्या असलेल्या माहितीचे वर्णन असे वेगळे रकाने आहेत. कालावधीचा रकाना बरेच जण मोकळा सोडतात किंवा ‘आजपर्यंत’ असे लिहितात. तिथे दोन तारखा लिहिल्या की अधिकाऱ्याला कोणत्या वर्षाचे दप्तर काढायचे ते कळते आणि ‘मोघम’ म्हणायला जागा उरत नाही.

२०१२ मध्ये राज्याने नियमांत आणखी एक अट घातली. एका अर्जात एकच विषय असावा आणि अर्ज सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. एकापेक्षा जास्त विषय असतील, तर अधिकारी फक्त पहिल्या विषयाचे उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. ही अट राज्याच्या अखत्यारीतील कार्यालयांसाठी आहे. केंद्राच्या नियमांत ५०० शब्दांची मर्यादा आहे. १५० शब्द ऐकायला थोडे वाटतात, पण कागदांची नावे माहीत असतील तर ते पुरतात. उखडलेल्या रस्त्याचा अर्ज असा होऊ शकतो. गावांची नावे, रस्त्याचा क्रमांक आणि तारखा प्रत्येकाने आपापल्या भरायच्या:

माहितीचा विषय: अमुक फाटा ते तमुक गाव या रस्त्याचे डांबरीकरण, लांबी १.५ कि.मी.

कालावधी: १ जानेवारी २०२४ ते ३० सप्टेंबर २०२४

माहितीचे वर्णन: वरील कामाच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.

१. कार्यारंभ आदेश.

२. करारनाम्यातील दोषदायित्व कालावधीच्या अटीचे पान.

३. तांत्रिक मान्यता मिळालेले अंदाजपत्रक.

४. मोजमाप पुस्तकातील या कामाच्या नोंदींची सर्व पाने.

५. अदा केलेली सर्व देयके आणि त्यांसोबतची डांबर खरेदीची चलने.

६. साहित्य व गुणवत्ता चाचण्यांचे अहवाल.

७. काम पूर्ण झाल्यानंतर दुरुस्तीबाबत ठेकेदारास पाठवलेली पत्रे.

यांपैकी एखादा अभिलेख उपलब्ध नसल्यास तसे मुद्देनिहाय कळवावे. माहिती अन्य प्राधिकरणाकडे असल्यास कलम ६(३) नुसार अर्ज हस्तांतरित करून मला कळवावे.

एवढेच. या अर्जात एकही प्रश्नचिन्ह नाही, आरोप नाही, ‘संपूर्ण माहिती’ हा शब्दप्रयोग नाही. माहिती कशासाठी हवी, हेही लिहिलेले नाही. कलम ६(२) नुसार ते सांगण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, आणि न विचारता सांगितल्याने फायदाही नाही. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक आहे आणि एका मुद्द्यात एका कामाचा एकाच प्रकारचा कागद आहे. शेवटच्या दोन ओळी बारीक वाटल्या तरी त्यांचा उपयोग मोठा. ‘मुद्देनिहाय कळवावे’ लिहिल्यामुळे पाच कागद देऊन दोनांबद्दल मौन बाळगणे अवघड होते. हस्तांतरणाची ओळ लिहायची कारण रस्ता नेमका बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा की ग्रामसडक योजनेचा, हे गावात पुष्कळदा ठाऊक नसते. कामाच्या ठिकाणी माहिती फलक लावलेला असेल तर त्यावर योजनेचे आणि विभागाचे नाव असते. फलक नसेल आणि अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी तो शक्य तितक्या लवकर, फार तर पाच दिवसांत, योग्य कार्यालयाकडे पाठवण्याचे बंधन कायद्याने घातले आहे.

हे कागद हाती आल्यावर काय कळते? एमबीच्या पानावर समजा लांबी १,५०० मीटर आणि रुंदी ३.७५ मीटर लिहिली आहे. म्हणजे देयक ५,६२५ चौरस मीटर डांबरीकरणाचे निघाले. गावातले चार जण टेप घेऊन गेले आणि रस्ता सरासरी ३.२५ मीटरच भरला, तर क्षेत्र होते ४,८७५ चौरस मीटर. तब्बल ७५० चौरस मीटरचा फरक पडला. हे गणित आठवीतला मुलगाही करू शकतो, आणि ‘निकृष्ट काम’ या शब्दांपेक्षा हा आकडा कार्यकारी अभियंत्याला जास्त अडचणीत आणतो. डांबराच्या चलनांचेही तसेच. चलनावर क्रमांक, तारीख आणि वजन असते. काम मे महिन्यात झाले आणि चलन जूनचे निघाले, किंवा एकच चलन शेजारच्या रस्त्याच्या देयकालाही जोडलेले आढळले, तर पुढची तक्रार कुठे आणि कशाची करायची हे आपोआप ठरते.

कागदांवरून काम पडताळण्याची ही रीत नवी नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या, तेव्हा ग्रामस्थांपुढे हजेरीपट, बिले आणि व्हाउचर वाचून दाखवले जात. कामावर कधीच न गेलेल्यांची नावे हजेरीपटात निघत आणि सभेतच लोक ती खोडून काढत. दिल्लीत माहिती अधिकाराचा राज्य कायदा आला, त्यानंतर परिवर्तन या संस्थेने सुंदरनगरी भागातील कामांच्या करारांच्या प्रती मिळवल्या आणि डिसेंबर २००२ मध्ये जाहीर सुनावणी घेतली. सुमारे १ कोटी ३० लाख रुपयांच्या ६८ कामांची पडताळणी झाली, तेव्हा त्यांतली जवळपास ७० लाख रुपयांची कामे जागेवर सापडलीच नाहीत. दोन्ही ठिकाणी कागद आधी हाती आले आणि प्रश्न नंतर, लोकांसमोर विचारले गेले.

कोणता कागद मागायचा तेच ठाऊक नसेल, तर? अशा वेळी प्रतींऐवजी पाहणी मागावी. कलम २ मधील माहितीच्या अधिकारात काम, दस्तऐवज आणि अभिलेख यांची पाहणी करणे, टिपणे घेणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हे सगळे येते. अर्जात ‘अमुक कामाच्या नस्तीची व मोजमाप पुस्तकाची पाहणी करू द्यावी आणि पाहणीनंतर निवडलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात’ एवढे लिहिले की पुरे. महाराष्ट्रात पाहणीचा पहिला तास विनाशुल्क आहे. पाहणीला जाताना पेन्सिल न्यावी, कारण अभिलेखात कोणी शाईने फेरफार करू नये म्हणून नियमांत पेन बाहेर ठेवण्याची तरतूद आहे. तीनशे पानांच्या नस्तीतून नेमकी अकरा पाने निवडली, तर प्रति पान २ रुपयांप्रमाणे २२ रुपयांत काम भागते. शिवाय माहिती गोळा करण्यात कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर गुंतेल, ही कलम ७(९) ची सबबही फारशी चालत नाही. ते कलम माहिती नाकारण्यासाठी नाहीच. मागितलेल्या स्वरूपात देणे जड असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्यावी, एवढाच त्याचा अर्थ आहे. पाहणी हे ते दुसरे स्वरूप.

नस्तीत एका बाजूला पत्रव्यवहार असतो आणि दुसऱ्या बाजूला टिपणी. लिपिकापासून वरिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाने काय सुचवले, कोणी हरकत घेतली, कोणी ती डावलली, हे टिपणीत क्रमाने लिहिलेले असते. ‘का’चा शोध घेणाऱ्याने सर्वांत आधी टिपणीची पाने पाहावीत. आणखी एक तरतूद लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याच्यावर एखाद्या प्रशासकीय निर्णयाचा थेट परिणाम झाला आहे, त्याला निर्णयाची कारणे कळवणे हे कलम ४(१)(घ) नुसार कार्यालयाचेच कर्तव्य आहे. एखाद्याचा घरकुलाचा किंवा दाखल्याचा अर्ज नामंजूर झाला असेल, तर त्याने या कलमाचा उल्लेख करून नामंजुरीची कारणे नोंदवलेल्या आदेशाची प्रत मागावी. त्याचा ‘का’ रास्त आहे, फक्त तो योग्य दारातून आत गेला पाहिजे.

रखडलेल्या कामांसाठी अर्ज वेगळ्या प्रकारे लिहितात. दिल्लीत एका मजुराची हरवलेली शिधापत्रिका महिनोन्‌महिने मिळत नव्हती. परिवर्तनच्या मदतीने त्याने अर्ज केला. ‘शिधापत्रिका का देत नाही’ असे त्यात विचारलेच नव्हते. माझ्या अर्जावर दररोज काय कार्यवाही झाली, तो कोणत्या अधिकाऱ्याकडे किती दिवस पडून होता, त्या अधिकाऱ्यांची पदनामे कोणती आणि नियमानुसार किती दिवसांत काम व्हायला हवे होते, एवढेच त्यात मागितले होते. शिधापत्रिका लवकरच त्याच्या हाती पडली. या चारही गोष्टींची नोंद असते आणि ती लिहून देताना विलंब कोणाच्या टेबलावर झाला तेही आपोआप लिहिले जाते.

हाच साचा तलाठी कार्यालयात अडकलेल्या वारस नोंदीला चपखल बसतो. अर्जाची तारीख आणि पोच क्रमांक लिहून आवक नोंदवहीतील त्या अर्जाच्या नोंदीची प्रत, अर्ज ज्या कर्मचाऱ्याकडे सोपवला त्याच्या कार्यविवरण नोंदवहीतील पान, गावच्या फेरफार नोंदवहीतील संबंधित पान आणि या कामासाठी ठरलेली मुदत दाखवणारा आदेश किंवा नागरिकांची सनद, हे चार कागद मागायचे. आवक नोंदवहीत अर्जाची नोंदच नसेल तर प्रकरणाची गाठ तिथेच आहे, हे कळते. नोंद असेल आणि कार्यविवरणात नसेल, तर अर्ज टपालातून टेबलापर्यंत पोहोचलेला नाही.

मागण्याला मर्यादाही आहेत. कलम ८ मधील अपवाद अर्ज लिहितानाच ध्यानात घ्यावे लागतात. यातली वैयक्तिक माहितीविषयीची तरतूद डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने बदलली आणि ‘वैयक्तिक’ म्हणून नकार देण्याचा वाव वाढला. म्हणून अधिकाऱ्याची मालमत्ता, रजा, घरचा पत्ता असल्या गोष्टी रस्त्याच्या अर्जात घुसडू नयेत. पदनाम, सही आणि सोपवलेले काम या बाबी सार्वजनिक कामाच्या अभिलेखाचाच भाग असतात, तेवढ्यावर भागते. ठेकेदाराच्या देयकावरचा बँक खाते क्रमांक किंवा पॅन झाकून बाकीचे देयक देता येते. कलम १० मध्ये तशी सोय असल्याने एका रकान्यासाठी सगळा कागद अडवून ठेवण्याचे कारण नाही.

जुन्या अभिलेखांचा प्रश्न वेगळा. सरकारी कार्यालयांत अभिलेखांची वर्गवारी असते. काही कायम जपले जातात, काही ठरावीक वर्षांनी नष्ट करता येतात. त्यामुळे जुने काही मागताना अर्जात एक ओळ वाढवावी: ‘अभिलेख नष्ट केला असल्यास नष्टीकरणाच्या आदेशाची व यादीतील नोंदीची प्रत द्यावी.’ ‘सापडत नाही’ आणि ‘नियमाप्रमाणे नष्ट केला’ यांत मोठे अंतर आहे, आणि ही ओळ कार्यालयाला त्या दोहोंपैकी एक निवडायला लावते.

अर्जासोबत शुल्क १० रुपये. राज्याच्या कार्यालयांत ते न्यायालय फी मुद्रांक लावून किंवा रोखीने भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडल्यास शुल्क नाही. रेल्वे, टपाल खाते किंवा राष्ट्रीयीकृत बँक अशा केंद्राच्या कार्यालयांत न्यायालय फी मुद्रांक चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर जोडावी. राज्याच्या अनेक कार्यालयांसाठी rtionline.maharashtra.gov.in या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. हातोहात अर्ज दिल्यास दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, कारण पुढची सगळी मोजणी या तारखेपासून होते.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत जन माहिती अधिकाऱ्याने उत्तर द्यायचे असते. प्रतींचे पैसे भरण्याचे पत्र आले, तर ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस या मुदतीत धरले जात नाहीत. म्हणून पैसे लगेच भरणे अर्जदाराच्याच हिताचे. मुदत उलटून गेली, तर कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य द्यावी लागते.

उत्तर आले की अर्ज आणि उत्तर शेजारी ठेवून एकेक मुद्दा ताडून पाहावा. मुद्दा चारमध्ये ‘सर्व पाने’ मागितली होती आणि एमबीची पाने १२ ते १८ आली, पण १५ आणि १६ नाहीत, असे पुष्कळदा घडते. एमबीच्या पानांना छापील क्रमांक असतात, त्यामुळे मधली गळती लपत नाही. अशा वेळी ३० दिवसांच्या आत जोडपत्र ‘ब’ मध्ये २० रुपयांचा मुद्रांक लावून पहिले अपील करावे, आणि त्यात कायद्याचे व्याख्यान न देता लिहावे: ‘मुद्दा क्र. ४: मोजमाप पुस्तकाची पाने १५ व १६ दिलेली नाहीत, ती द्यावीत.’ अर्ज क्रमांकवार असेल तर अपील अर्ध्या पानात मावते आणि अपिलीय अधिकाऱ्याला आदेशही त्याच क्रमाने द्यावा लागतो. अर्ज प्रश्नार्थक असेल, तर अपिलाची सगळी सुनावणी ‘ही माहिती आहे की नाही’ या वादातच संपते, आणि अपिलात नवे मुद्दे घालता येत नाहीत.

त्यापुढचे पाऊल म्हणजे राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांच्या आत दुसरे अपील. सबळ कारणाशिवाय माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करण्याचा अधिकार आयोगाला आहे. परंतु आयोगाकडे हजारो अपिले प्रलंबित आहेत आणि सुनावणीसाठी दीर्घकाळ थांबावे लागते. तोवर रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपून जाऊ शकतो, ठेकेदाराची अनामत परत जाऊ शकते. हा उशीर अर्जदाराच्या हातात नाही. त्याच्या हातात आहे तो पहिला अर्ज.

म्हणून अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी प्रत्येक मुद्द्यावर बोट ठेवून स्वतःला विचारावे: हा कोणता कागद, तो कोणत्या टेबलावर तयार झाला आणि कोणत्या दोन तारखांच्या दरम्यानचा? या तिन्हींची उत्तरे देता येत नसतील, तर तो मुद्दा खोडून पुन्हा लिहावा. कागदाचे नाव अडत असेल, तर निवृत्त अभियंता, माजी सरपंच, ग्रामपंचायतीत काम केलेला लिपिक अशा कोणाला तरी ते हमखास ठाऊक असते. त्यांच्याशी अर्धा तास बोलून मगच अर्ज लिहावा आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ जपून ठेवावी.